मदत हवी आहे: लुगांडातला 'ङ्ग' एक ध्वनी मानायचा की दोन?

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात राजारामपुरीत आमच्या शेजारी युगांडाचा एक विद्यार्थी राहतो, लुगांडा बोलणारा. पंखा बंद करून, खिडक्या लावून त्याच्याकडून तीन शब्द रेकॉर्ड केले: ओकुसिगा (पेरणे), ओकुसीगा (माखणे, रंग लावणे) आणि ओकुसिंगा (वरचढ ठरणे).

प्राटमध्ये मोजलं तर तिसऱ्यातला 'इ' पहिल्यासारखा ऱ्हस्व नाही, तो जवळजवळ दुसऱ्याइतका लांब आहे. आपल्या 'रंगारी'त अनुनासिक पहिलं अक्षर बंद करतं, रं-गा-री. तिथे मात्र फोड सि-ङ्गा अशी दिसते. म्हणजे अनुनासिक पुढच्या अक्षरात गेलं आणि त्याची मात्रा मागच्या स्वराला मिळाली. इथवर पटतं, आणि 'ङ्ग' हा एकच ध्वनी असावा असं वाटू लागतं.

पण 'पाहणे' या अर्थाच्या 'लबा' धातूला 'मी'चा न- लागला की 'न्डबा' (मी पाहतो) होतं. इथे न हा उघडच वेगळा प्रत्यय आहे, आणि त्याच्यामुळे ल चा ड झालाय. मग मुळात दोन ध्वनी आणि उच्चारात एक, असं मानायचं का?

माझी अडचण नेमकी ही: स्वर लांबला यावरून अनुनासिक कुठल्या अक्षरात आहे एवढंच कळतं. तिथे ते 'ग'शी एकजीव आहे की नुसतं शेजारी, हे त्यातून ठरत नाही. हे वेगळं करणारी चाचणी कुणी वापरली आहे का? पुढच्या रविवारी तो पुन्हा बसणार आहे, कोणते शब्द विचारू?