मदत हवी आहे: ‘झपाटलेला २’ आईला दाखवू का?

नमस्कार मंडळी. रविवारी आई पंचवटीहून आमच्याकडे गंगापूर रोडला राहायला येतेय. १९९३ चा ‘झपाटलेला’ तिचा जीव की प्राण, आणि तो लक्ष्मीकांत बेर्डेंमुळे. बाहुल्याला पाहून लक्ष्याची उडणारी तारांबळ ती आजही करून दाखवते. २०१३ चा दुसरा भाग आम्ही दोघांनीही पाहिलेला नाही.

दिग्दर्शक महेश कोठारेच आहेत, तात्या विंचूला आवाजही दिलीप प्रभावळकरांचाच. पण लक्ष्मीकांत २००४ मध्येच गेले. कथेत आता तात्या लक्ष्याच्या मुलामागे लागतो, ती भूमिका आदिनाथ कोठारेची. मला वाटतं, पहिल्या भागात भीती बाहुल्याची असली तरी हसू लक्ष्याच्या घाबरण्यातून यायचं. ती जागा कोण भरतं? शिवाय तो थ्रीडीत बनलाय, घरच्या टीव्हीवर अंगावर येणारे प्रसंग फिके पडतात का?

ज्यांनी दोन्ही पाहिलेत त्यांनी कथा न फोडता सांगा: लक्ष्याची आठवण नीट जपलीय का, की नुसतं नाव वापरलंय? आणि आधी जुना पुन्हा लावावा का? मला भीती वाटते, लगेच तुलना होऊन आई हिरमुसेल.