उत्तर: गल्ला नको, उधारीची वही दाखवा

चक्रवाढ व्याज समजावणाऱ्या व्हिडिओसाठी एक सूचना आली: “टपरीवाला रोज वीस रुपये गल्ल्यात टाकतो, वर्षानं किती झाले बघा, एवढं दाखवलं की चक्रवाढ कळते.”

नाही कळत. त्यात वाढते ती मुद्दलच, व्याज कुठंय? त्यापेक्षा उधारी घ्या; शेकड्याचा हिशेब आपल्या परभणी-लातूरकडं सगळ्यांच्या तोंडी असतो. टपरीवाल्यानं शेगडी-भांड्यांसाठी 10,000 रुपये काढले, महिन्याला शेकडा तीननं. पहिल्या महिन्याचं व्याज 300. ते थकून मुद्दलात चढलं की दुसऱ्या महिन्याचं 309. कॅमेरा वहीवरच ठेवा आणि त्या नऊ रुपयांवर बोट ठेवून जरा थांबा, सगळी गंमत तिथंच आहे. मग थेट चोविसावा महिना: व्याज 592, एकूण देणं 20,328. सरळव्याजानं 17,200च झालं असतं. एक वाक्य मात्र कापू नका: व्याज महिन्याच्या महिन्याला चुकतं केलं तर चक्रवाढ लागतच नाही.