‘ॲट पार’ आलं म्हणजे पाव खत वाचलं का?

खरीप_विद्यार्थी, परभणी
एम.एस्सी. ॲग्रोनॉमीचा प्रबंध आहे. खरीप 2024, सोयाबीन, आरबीडी, चार ट्रीटमेंट, पाच रेप्लिकेशन. हेक्टरी उत्पादन क्विंटलमध्ये असं आलं: बिनखताचं 18.1, निम्मी खतमात्रा अधिक रायझोबियम व पीएसबी 18.8, 75 टक्के खतमात्रा अधिक तीच जिवाणू खतं 19.3 आणि पूर्ण शिफारशीत खतमात्रा 20.5. एसई एम 0.85, सीडीच्या रकान्यात एनएस. डिस्कशनमध्ये मी लिहिलं: “75 टक्के खतमात्रा व जिवाणू खते ही ट्रीटमेंट पूर्ण खतमात्रेशी ॲट पार आढळली. म्हणजेच जिवाणू खतांमुळे उत्पादन न घटता 25 टक्के रासायनिक खताची बचत होते.” बाहेरच्या परीक्षकांचा शेरा आलाय, ‘निष्कर्ष निकालाच्या पुढे जातो, डिस्कशन पुन्हा लिहा.’ गाईड म्हणायलेत, शब्द थोडे मऊ करा, बास. नेमकं काय बदलू?

लातूरचा_विस्तारक
गाईडचं ऐका. ‘ॲट पार’ ही आपल्या क्षेत्रात रुळलेली भाषा आहे. फरक सिग्निफिकंट नाही म्हणजे दोन्ही सारखे, मग कमी खर्चाची ट्रीटमेंट निवडायची, हा साधा हिशेब आहे. “बचत होते”च्या जागी “बचत होऊ शकते” लिहा. एका हंगामाच्या प्रबंधावरून कोणी शिफारस काढत नाही, त्यासाठी संयुक्त ॲग्रेस्को बसलेली असते.

सांख्यिकी_ताई, छत्रपती संभाजीनगर
“होते”चं “होऊ शकते” केल्यानं काही सुटत नाही, कारण दोष क्रियापदात नाही. याच तक्त्यात बिनखताचा प्लॉट बघा. पूर्ण खतमात्रेपेक्षा तो 2.4 क्विंटलनं मागे आहे, आणि तोही एनएस. ‘ॲट पार म्हणजे सारखे’ हा नियम लावला, तर याच प्रयोगानं खत अजिबात न टाकताही उत्पादन तेवढंच येतं हेसुद्धा सिद्ध झालं. ते वाक्य प्रबंधात लिहायला कोणी तयार होईल का? नाही ना. मग 75 टक्क्यांचं वाक्य ज्या पायावर उभं आहे तो पायही तोच आहे.

एनएसचा अर्थ इतकाच, की या प्रयोगाला फरक दिसला नाही. किती मोठा फरक त्याला दिसला असता, हे तक्त्यातच आहे. सीडीच्या जागी एनएस छापलं तरी तो आकडा काढता येतो. 0.85 ला 1.414 ने गुणलं की दोन सरासऱ्यांमधल्या फरकाचा एसई 1.20 येतो. एररचे डिग्री ऑफ फ्रीडम 12, त्याची टी 2.18, म्हणजे सीडी साधारण 2.6 क्विंटल. 75 टक्क्यांची ट्रीटमेंट 1.2 ने मागे आहे. त्याच्या दोन्ही बाजूंना 2.6 धरा: खरा फरक 3.8 क्विंटल घटीपासून 1.4 क्विंटल वाढीपर्यंत कुठेही असू शकतो. 2024-25 च्या 4,892 रुपये हमीभावानं 3.8 क्विंटल म्हणजे साडेअठरा हजार. “उत्पादन न घटता” हे शब्द तुमच्याच आकड्यांवर टिकत नाहीत.

हिंगोलीकर
ताई, पण प्रयोग काही वाईट नाही. एरर मीन स्क्वेअर 3.6 निघतो, म्हणजे सीव्ही दहाच्या आत. शेतातल्या प्रयोगाला हा उत्तम. प्रयोग चांगला आणि तरी फरक नाही, म्हणजे फरक खरंच नसावा. शिवाय सोयाबीन स्वतःचं नत्र बांधतं, आणि काळ्या जमिनीत मागच्या पिकाचं स्फुरद उरलेलं असतं. प्रतिसाद कमी येणारच.

सांख्यिकी_ताई, छत्रपती संभाजीनगर
प्रयोग नीट झाला हे मान्य, आणि शिल्लक स्फुरदाचा मुद्दा महत्त्वाचा आहे. पेरणीपूर्व माती परीक्षणात स्फुरद भरपूर निघालं असेल, तर ते आकडे देऊन डिस्कशनमध्ये जरूर लिहावं, संभाव्य कारण म्हणून. पण सीव्ही चांगला असणं वेगळं आणि हवा तो फरक पकडता येणं वेगळं. हवा तो फरक किती, हे शेतकऱ्याच्या हिशेबातून ठरतं. हेक्टरी पाव खतमात्रा वाचली म्हणजे डीएपीची 1,350 रुपयांची एखादी पिशवी आणि वर थोडं पोटॅश, दीड-दोन हजार धरू. हमीभावानं ते सोयाबीनचे तीस-चाळीस किलो झाले. त्याहून जास्त घट आली की बचत तोट्यात गेली. आणि प्रयोगाला दिसतो 2.6 क्विंटलचा फरक! याच सीव्हीवर नुसता एक क्विंटलचा फरक भरवशानं पकडायचा तर पन्नासहून जास्त रेप्लिकेशन लागतील.

सेलूचा_शेतकरी
मी दोन वर्षांपासून पाऊण खतच टाकायलोय, बियाण्याला रायझोबियम लावून. उतारा काही कमी नाही. तुम्ही लोक शेवटी “सांगता येत नाही” म्हणणार असाल तर आम्ही काय वाचावं?

सांख्यिकी_ताई, छत्रपती संभाजीनगर
दादा, शेजारी त्याच वर्षी पूर्ण खताचा पट्टा ठेवला होता का? नसेल तर कमी आला की नाही हे कशाशी ताडायचं? पुढच्या खरिपात एकाच वावरात दोन्हीचे चार-चार पट्टे आलटूनपालटून ठेवा आणि रास वेगळी मोजा. आसपासच्या वीसेक शेतकऱ्यांनी तेच केलं तर ते आकडे या प्रबंधापेक्षा जास्त बोलतील.

पीएचडी_नांदेड
माझ्या प्रबंधात p 0.06 आला होता, मी “वाढीचा कल दिसला” असं लिहून पार झालो. इथेही 18.1, 18.8, 19.3, 20.5 असा चढता कल स्पष्ट आहे. तेच लिही.

सांख्यिकी_ताई, छत्रपती संभाजीनगर
इथे चारही ट्रीटमेंटचा मिळून p 0.06 च्या जवळपासही नाही. त्यांचा एफ साधारण 1.4 येतो, आणि लागतो 3.49. शिवाय “कल” लिहिलात तर खत वाढेल तसं उत्पादन वाढतं असं म्हणावं लागेल. मग बचतीचा दावा त्याच परिच्छेदात त्याच्या विरुद्ध उभा राहतो.

आणखी एक गोष्ट राहिली. 75 टक्के खत, पण जिवाणू खतांशिवाय, अशी ट्रीटमेंट आराखड्यातच नाही. त्यामुळे “जिवाणू खतांमुळे” हा शब्द फरक सिग्निफिकंट आला असता तरी लिहिता आला नसता. मी असं लिहीन:

> “धान्य उत्पादनात ट्रीटमेंटमधील फरक सिग्निफिकंट आढळला नाही. 75 टक्के खतमात्रा व जिवाणू खते या ट्रीटमेंटचे उत्पादन पूर्ण खतमात्रेपेक्षा हेक्टरी 1.2 क्विंटलने कमी होते (95 टक्के विश्वास मर्यादा: 3.8 क्विंटल घट ते 1.4 क्विंटल वाढ). ही मर्यादा रुंद असल्याने दोन्ही ट्रीटमेंट समतुल्य आहेत असे या प्रयोगावरून म्हणता येत नाही. बिनखताच्या प्लॉटशीही सिग्निफिकंट फरक न आढळल्याने, या जागी व या हंगामात खताला मिळणारा प्रतिसाद मोजण्याइतकी अचूकता प्रयोगाला लाभली नाही, किंवा प्रतिसादच कमी होता. यांपैकी काय घडले हे प्रस्तुत आकडेवारीतून वेगळे करता येत नाही. जिवाणू खतांचा स्वतंत्र परिणाम तपासण्यासाठी 75 टक्के खतमात्रा एकटी ही ट्रीटमेंट आवश्यक आहे.”

लातूरचा_विस्तारक
परिच्छेद चोख आहे, पण यानं प्रबंध रिकामा दिसतो. ॲग्रेस्कोपुढे तीन वर्षांचे पूल्ड आकडे येतात, तिथे “ॲट पार” चालतंच. विद्यार्थ्यानं एकट्यानं वेगळी भाषा का वापरावी?

सांख्यिकी_ताई, छत्रपती संभाजीनगर
पूल्ड आकड्यांत मर्यादा अरुंद होते, हे बरोबर. ती चाळीस किलोपर्यंत अरुंद झाली का, हे तिथेही विचारायला हवं. माझ्या मते नुसतं “ॲट पार” तिथेही पुरत नाही.

लातूरचा_विस्तारक
चाळीस किलोची अट लावली तर महाराष्ट्रात खतबचतीची एकही शिफारस निघणार नाही. हे मला पटत नाही.

खरीप_विद्यार्थी, परभणी
ताई, माती परीक्षणात स्फुरद मध्यम निघालंय, भरपूर नाही. मग “प्रतिसादच कमी होता” हे ठेवू का काढू? आणि सप्टेंबरच्या सुरुवातीच्या अतिवृष्टीत पाचव्या ब्लॉकमध्ये पाणी साचलं होतं, ते कुठे लिहू?

सांख्यिकी_ताई, छत्रपती संभाजीनगर
ठेवा, पण पुढे “माती परीक्षणात स्फुरद मध्यम असल्याने ही शक्यता कमी बळकट वाटते” असं जोडा. पाण्याचं मटेरियल्स ॲण्ड मेथड्समध्ये तारखेसह लिहा आणि डिस्कशनमध्ये एका वाक्यात उल्लेख करा. पाचवा ब्लॉक वगळून मात्र ॲनालिसिस पुन्हा करू नका. निकाल हाती आल्यावर ब्लॉक काढला, तर परीक्षक पहिला प्रश्न त्याचाच विचारतील.