देशाला धोका असलेल्या माणसालाही परत पाठवायचं नाही? मला नाही पटत

सातपूरकर: निर्वासिताला त्याच्या देशात जिवाला धोका असेल तर पाठवू नये, इथपर्यंत मान्य. पण तो माणूस आपल्यालाच धोकादायक असेल तरी ठेवून घ्यायचं का? आधी देश ना?

गंगापूर रोडची वकील: यावर चहल केस बघा, त्यात छळाचा धोका भारतातच होता. करमजीतसिंग चहल १९७१ पासून ब्रिटनमध्ये, १९८४ ला पंजाबात आले तेव्हा पोलिसांनी पकडून हाल केले असं त्यांचं म्हणणं. १९९० मध्ये ब्रिटनने देशाच्या सुरक्षेचं कारण देऊन भारतात पाठवायचं ठरवलं आणि ऑगस्टमध्ये आत टाकलं, ते १९९६ पर्यंत आतच. भारत सरकारने हमीसुद्धा दिली होती की त्रास होणार नाही. स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क कोर्टाने १२ विरुद्ध ७ मतांनी पाठवायला मनाई केली, का, तर दिल्लीच्या हेतूवर शंका नाही पण पंजाब पोलिसांतले काही जण वरच्यांना जुमानत नाहीत हे दिसत होतं, मग त्या हमीवर माणूस कसा सोपवायचा? आणि तिथे छळ होण्याचा खराखुरा धोका आहे का एवढंच बघायचं, माणूस कसा आहे ते त्यात धरायचं नाही.

पंचवटी_७७: ताई, १९५१ च्या निर्वासित कराराच्या कलम ३३ मध्येच लिहिलंय की देशाच्या सुरक्षेला धोका असेल तर हे संरक्षण मागता येत नाही. म्हणजे सातपूरकर बरोबर.

गंगापूर रोडची वकील: अपवाद आहे, बरोबर, पण त्या करारापुरता. चहलचा निकाल युरोपच्या मानवी हक्क कराराच्या कलम ३ वर आहे, तिथे छळाच्या मनाईला अपवादच नाही. एका करारातली सूट दुसऱ्यात चालत नाही.

सिडकोची मावशी: माझा भाचा कॅनडात आहे, व्हिसा संपलाय, परत जा म्हणतायत, इथे शिक्षणाचं कर्ज डोक्यावर आहे. त्याला हे लागू होतं का हो?

गंगापूर रोडची वकील: नाही मावशी. कर्ज, नोकरी नसणं, हे यात धरत नाहीत. परतल्यावर कोणी मारेल, छळेल, असं काही असेल तरच. त्याला तिथल्या वकिलाला लगेच भेटायला सांगा, मुदत निघून जाते.

पंचवटी_७७: पण भारताने १९५१ च्या करारावर सहीच केलेली नाही ना, मग आपल्याला काय?

गंगापूर रोडची वकील: इथे खरंच घोळ आहे. एप्रिल २०२१ मध्ये जम्मूतल्या रोहिंग्यांच्या अर्जावर सुप्रीम कोर्टाने अंतरिम दिलासा दिला नाही, आपल्या घटनेचं कलम २१, म्हणजे जगण्याचा हक्क, सगळ्यांना आहे पण परत न पाठवलं जाण्याचा हक्क नागरिकांच्या इथे राहण्याच्या हक्काशी जोडलेला आहे म्हणाले. पुढच्याच महिन्यात मणिपूर हायकोर्टाने म्यानमारच्या सात जणांना दिल्लीला संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित कार्यालयात जायची वाट करून दिली, तीही कलम २१ वरूनच. मला मणिपूरचं पटतं, कारण ज्याला आपण स्वतः हात लावू शकत नाही त्याला मारणाऱ्याच्या हातात देणं हे वेगळं कसं?

सातपूरकर: छळ नको हे मलाही मान्य. पण मग त्याचं करायचं काय, आयुष्यभर नजर ठेवायची?

गंगापूर रोडची वकील: गुन्हा असेल तर इथे खटला चालवा, इथेच शिक्षा द्या, किंवा जिथे धोका नाही असा तिसरा देश बघा.

सातपूरकर: पुरावा गुप्तचर खात्याचा असेल आणि कोर्टात उघड करता येत नसेल तर खटला उभाच राहत नाही. आणि तिसरा देश अशा माणसाला घेतो कशाला? याचं उत्तर तुम्ही दिलं नाही.