साध्या मजकुराच्या मेलमधला छोटा तक्ता शाबूत कसा ठेवता? – अनुभव लिहा

जमाखर्च

आमच्या सोसायटीच्या महिन्याच्या खर्चाचा मेल मी पाठवते. एक्सेलची फाइल जोडली तर बरेच सभासद ती उघडतच नाहीत आणि मग जिन्यात गाठून आकडे विचारतात. म्हणून आकडे मेलच्या मजकुरातच द्यायचं ठरलं. बाबी चारच आहेत: पाण्याचे टँकर, सामायिक वीज, सफाई आणि लिफ्टची देखभाल. एप्रिल आणि मे शेजारी शेजारी दिसावेत एवढीच अपेक्षा आहे.

स्पेस देऊन रकाने जुळवले की माझ्या संगणकावर तक्ता सरळ दिसतो. तोच मेल कुणाच्या फोनवर, कुणाच्या ऑफिसच्या आउटलुकवर उघडला की आकडे इकडेतिकडे जातात. एका काकांनी लिफ्टचा आकडा सफाईचा समजून फोन केला होता. तुम्ही असे छोटे तक्ते कसे पाठवता? तुमच्याकडे काय टिकलं आणि काय मोडलं, ते सविस्तर लिहा.

खिळेजुळारी

छापखान्यात आयुष्य गेलं, त्यामुळे हा विषय जिव्हाळ्याचा. साध्या मजकुराच्या मेलमध्ये अक्षरांचा साचा जातच नाही. कोणता फॉण्ट वापरायचा ते वाचणाऱ्याचं यंत्र ठरवतं. जीमेल साधा मजकूरसुद्धा नेहमीच्या फॉण्टमध्ये दाखवतं. त्यात स्पेस अरुंद असते आणि आकडा तिच्यापेक्षा रुंद असतो. तुम्ही चार आकड्यांच्या जागी चार स्पेस ठेवल्या की रकाना डावीकडे सरकतो. आकडे मात्र बहुतेक फॉण्टमध्ये एकमेकांइतकेच रुंद असतात. आपल्या हातात टिकाऊ असं तेवढंच आहे.

त्यात देवनागरीची भर. ज्या फॉण्टमध्ये प्रत्येक इंग्रजी अक्षर सारख्या रुंदीचं असतं, त्या कुरियर न्यू किंवा कन्सोलासमध्ये देवनागरी नाहीच. ती अक्षरं यंत्र दुसऱ्या फॉण्टमधून उसनी आणतं आणि त्यांची रुंदी वेगळी. मोजणीचाही भरवसा नाही. ‘लिफ्ट’ हा शब्द डोळ्यांना दोन अक्षरांचा दिसतो, संगणक त्यात पाच मोजतो:

```
len("लिफ्ट")   # 5
```

त्यामुळे ‘नाव बारा अक्षरांपर्यंत स्पेसने भर’ असं प्रोग्रॅमला सांगितलं तरी ओळी वाकड्याच येतात. मराठी नावाच्या उजवीकडे आकडा सरळ रेषेत उभा राहील ही आशाच सोडा. मी उलटं करतो. आकडे आधी, नाव शेवटी:

```
पहिला आकडा एप्रिल, दुसरा मे. सर्व रुपयांत.

18,400  21,600  पाण्याचे टँकर
 9,250   9,780  सामायिक वीज
12,000  12,000  सफाई
 4,500   4,500  लिफ्ट देखभाल
44,150  47,880  एकूण
```

नावं कितीही लांबीची असोत, ती ओळीच्या टोकाला असल्यामुळे कशालाच ढकलत नाहीत. महिन्यांची नावं डोक्यावर न ठेवता वरच्या वाक्यात घातली, कारण ‘एप्रिल’ आणि ‘मे’ त्या आकड्यांच्या डोक्यावर बसणार नव्हतेच. आकडे इंग्रजी ठेवले, नाहीतर तेही उसन्या फॉण्टमधून येतील. नेहमीच्या फॉण्टमध्ये वीज आणि लिफ्टच्या ओळी अर्ध्या ते एका आकड्याने डावीकडे सरकतील, पण कोणता आकडा कशाचा याचा घोळ होत नाही.

टॅबवाला

एवढं कशाला? स्पेसऐवजी टॅब वापरा, सरळ येतं. आणि जीमेलमध्ये फॉण्टच्या यादीत ‘Fixed Width’ आहे, ते निवडा. मी कायम तसंच पाठवतो, कुणाची तक्रार नाही.

खिळेजुळारी

टॅबवाले, ‘Fixed Width’ निवडलंत की तो साधा मजकूर राहिलाच नाही, तो सजवलेला मेल झाला. समोरचा सजावटीसकट बघत असेल तर इंग्रजी तक्ता खरंच सरळ दिसतो, तुमचं म्हणणं तेवढ्यापुरतं बरोबर आहे. सजावट काढून वाचणाऱ्याकडे फॉण्ट गळून पडतो. टॅबची रुंदी तर ज्याची त्याची: कुठे आठ अक्षरं, कुठे चार, कुठे नुसती एक स्पेस. ‘सफाई’ एका टॅबच्या आत मावते, ‘पाण्याचे टँकर’ पुढच्या टॅबवर जातं, की पुढचा आकडा एक रकाना उडी मारतो. तक्रार नाही म्हणजे लोकांनी अंदाजाने वाचलं, असंही असेल.

ब-विंग

मे महिन्यात टँकर ३,२०० रुपयांनी वाढले कसे? आमच्या सोसायटीत टँकरवाल्याचं चलन नोटीस बोर्डावर लावतात. नुसता आकडा मेलने पाठवून काय होणार?

जमाखर्च

ब-विंग, मेमध्ये दोन टँकर जास्त आले, १,६०० रुपयांना एक. चलनं फायलीत आहेत. पण धागा तक्ता दिसतो कसा याबद्दल आहे हो.

पर्जन्यमापी

आमच्याकडे पावसाळ्यात रोज सकाळी महसूल मंडळांचा पाऊस मेलने वर जातो. साडेआठपर्यंतचे चोवीस तासांचे मिलिमीटर. स्पेस सरकल्या तर मी सांभाळून घेतो, मला जास्त छळते ती रिकामी जागा. एखाद्या मंडळाची नोंद आली नाही म्हणून कुणी जागा मोकळी सोडतं. वाटेत कुठल्यातरी प्रोग्रॅमने सलग स्पेस एकत्र केल्या, की पुढच्या रकान्यातला हंगामाचा एकूण पाऊस आजच्या पावसाच्या जागी येऊन बसतो. आज ३१२ मिलिमीटर म्हटल्यावर वर केवढी धावपळ होईल, कल्पना करा.

म्हणून आमचा दंडक: एकही जागा रिकामी नाही. पाऊस पडला नसेल तर 0.0 आणि नोंदच नसेल तर ‘नाही’. आधी आम्ही सरकारी सवयीने दोन्हीकडे ‘निरंक’ लिहायचो. मग शून्य पाऊस की नोंद नाही, हे वरच्या ऑफिसला फोन करूनच कळायचं. दुसरं, दशांशानंतर प्रत्येक आकड्याला एक स्थान, 12 नाही तर 12.0. रकाना थोडा हलला तरी बिंदूंची रांग डोळ्यांना धरता येते.

```
आज, हंगामात एकूण, मंडळ. मिमी.

12.0  312.4  पहिले मंडळ
 0.0  287.5  दुसरे मंडळ
नाही  301.0  तिसरे मंडळ
```

तिसऱ्या ओळीत ‘नाही’मुळे रांग जरा मोडते. चालतं. तिकडे लक्ष जायलाच हवं.

ऐकूनवाचणारा

मी मेल कानांनी वाचतो, दिसत नाही. खिळेजुळारींचा तक्ता मला असा ऐकू येतो: अठरा हजार चारशे, एकवीस हजार सहाशे, पाण्याचे टँकर. म्हणजे आकडे ऐकून झाल्यावर ते कशाचे हे कळतं आणि मला ओळ पुन्हा ऐकावी लागते. दोन महिन्यांचं ठीक, तीन रकाने झाले की पहिला आकडा डोक्यातून गेलेला असतो. त्याहून वाईट म्हणजे उभ्या रेघांचे आणि आडव्या डॅशच्या रांगांचे तक्ते. माझं यंत्र काही वेळा प्रत्येक रेघ बोलून दाखवतं.

माझ्यासाठी उत्तम म्हणजे प्रत्येक ओळ स्वतःच्या पायावर उभी:

```
पाण्याचे टँकर: एप्रिल 18,400, मे 21,600
सामायिक वीज: एप्रिल 9,250, मे 9,780
```

खिळेजुळारी

हे मी कधी ऐकून पाहिलं नव्हतं. पण डोळ्यांनी वाचणाऱ्याला यात एप्रिलच्या आकड्यांवरून नजर खाली फिरवता येत नाही. कोणती बाब सर्वांत मोठी हे शोधावं लागतं. बेरीज पडताळणाऱ्याला उभी रांग हवी.

ऐकूनवाचणारा

बेरीज पडताळणारे सभासद किती, मेल वाचणारे किती, तेही बघा.

फ्रँकफुर्टकर

इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमांचा जमाखर्च मी पाहतो. दोन गोष्टी.

पहिली ओळीची लांबी. मेलच्या प्रमाणित नियमांत ओळ ७८ अक्षरांच्या आत ठेवावी अशी शिफारस आहे आणि काही प्रोग्रॅम पाठवताना त्याच सुमाराला ओळ स्वतःच तोडतात. शिवाय प्रत्येक उत्तरात जुन्या ओळीच्या सुरुवातीला > हे चिन्ह लागतं. तीन-चार जणांनी उत्तर दिलं की काठोकाठ भरलेली ओळ मोडून उरलेला तुकडा खाली लोंबतो. तो तुकडा बहुधा शेवटचा रकाना असतो, म्हणजे एकूण रक्कम! संगणकासाठी साठच्या पुढे मी जात नाही. उभ्या धरलेल्या फोनवर तर पस्तीसच्या आसपासच ओळ वळते. खिळेजुळारींची ओळ तिशीच्या आत आहे, म्हणून ती फोनवरही टिकते.

दुसरी गोष्ट स्वल्पविरामाची. जर्मनीत 9,250 म्हणजे नऊ पूर्णांक पंचवीस शतांश असं वाचलं जातं. हजार तोडायला इथे बिंदू असतो. आमच्या जर्मन हिशेबतपासनिसाला 1,25,000 दिसलं तेव्हा त्याने तीन वेगळे आकडे समजून विचारणा केली. आता परदेशी वाचक असेल तर मी स्वल्पविराम देतच नाही, 125000 लिहितो आणि वर ‘युरो, पूर्णांकात’ असं टाकतो. मराठी सभासदांना ते वाचायला जड जातं, हे मान्य.

बाकावरची

आउटलुकचा अनुभव. साध्या मजकुराच्या मेलमधल्या ‘जादा’ ओळतोडी ते स्वतः काढून टाकतं आणि आपल्या पाच ओळींचा एक परिच्छेद करून दाखवतं. मेलच्या वरच्या बाजूला तशी बारीक सूचना येते, तिच्यावर क्लिक केलं की ओळी परत येतात. पण ती सूचना वाचतो कोण? मी प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला दोन स्पेस ठेवते, त्याने बऱ्याचदा ओळी टिकतात. अगदी महत्त्वाचं असेल तर दोन ओळींमध्ये एक कोरी ओळ.

टॅबवाला

मग आकड्यांआधी साधी स्पेस न ठेवता आकड्याएवढी रुंद स्पेस वापरता येईल ना? युनिकोडमध्ये U+2007 आहे. मी आत्ता करून पाहिलं, जीमेलमध्ये तक्ता अगदी सरळ आला.

खिळेजुळारी

हे मस्त शोधलंत, दिसायला सरळ येतं. फक्त तो तक्ता उचलून एक्सेलमध्ये चिकटवून पाहा. माझ्याकडे 9,250 च्या आधीची ती स्पेस आकड्याला चिकटून आली आणि त्या ओळीची बेरीजच धरली गेली नाही. कुणी आकडे पुढे वापरणार असेल तर मी साधी स्पेसच ठेवीन.

जमाखर्च

या महिन्यात असं करून पाहते: वर ऐकूनवाचणारा म्हणतात तशा ओळी, खाली फक्त एकूण खर्चाचं एक वाक्य, ‘एप्रिलपेक्षा मे 3,730 रुपयांनी जास्त, त्यातले 3,200 टँकरचे’. पाठवण्याआधी मेल स्वतःला पाठवून फोनवर बघेन आणि घरच्या आउटलुकवरही. पण वार्षिक सभेला बारा महिन्यांचे आकडे लागतात. त्याचं काय करू?

पर्जन्यमापी

बारा रकाने आडवे बसवायच्या नादाला लागू नका. महिने उभे घ्या, एक महिना एक ओळ, आणि ओळीत दोनच आकडे: खर्च आणि जमा. बाबवार तपशील हवा असेल तर प्रत्येक बाबीचा वेगळा छोटा तक्ता.

बाकावरची

चार बाबी गुणिले बारा ओळी, कोण खालपर्यंत जाणार? त्यासाठी एक्सेलच जोडा आणि मजकुरात फक्त चार बेरजा द्या.

ब-विंग

आणि टँकरची चलनं स्कॅन करून सोबत जोडा.