मदत हवी आहे: ईजीएफआर ६८ म्हणजे किडनी ६८ टक्केच चालते का?

पहाटवारा: वय ३४, पुरुष. वार्षिक तपासणीत क्रिएटिनिन १.४ आलं आणि त्याखाली ईजीएफआर ६८, ठळक अक्षरांत. बीपी, साखर व्यवस्थित, त्रास काही नाही. चार वर्षं वजनं उचलतो, तीन महिने क्रिएटिनची पावडर घेतोय. एक तृतीयांश किडनी गेली असं समजू का? दोन रात्री झोप लागलेली नाही.

भटक्या: भरपूर पाणी पिऊन पुन्हा तपासा. माझा आकडा असाच वर आला होता.

लॅबताई: शरीरात पाणी कमी पडलं असेल तर भटक्या म्हणतात ते खरं, पण इथे मला वेगळं दिसतंय. ६८ हे टक्के नाहीत, किडनी मिनिटाला इतके मिलिलिटर गाळते असा अंदाज. किडनीतल्या केशवाहिन्यांच्या बारीक गुंत्यांतून रक्त दाबाने जातं. पाणी आणि लहान रेणू गाळून बाहेर पडतात, पेशी आणि बहुतेक प्रथिनं रक्तातच राहतात. निरोगी तरुणात दिवसाला सुमारे १८० लिटर असं गाळलं जातं आणि त्यातलं जवळजवळ सगळं परत शोषलं जातं. लघवी होते दीड-दोन लिटरच.

हा वेग आम्ही लॅबमध्ये मोजत नाही. मोजतो फक्त क्रिएटिनिन. मग वय आणि लिंग धरून सूत्र वेगाचा अंदाज काढतं. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं आणि तुमची पावडरही शरीरात शेवटी क्रिएटिनिनच होते. पातळी वाढली ती गाळणं मंदावल्यामुळे की तयारच जास्त झाल्यामुळे, हे सूत्राला कळत नाही. तुमच्याच वयात १.१ आलं असतं तर ९० छापलं असतं.

निळाई: माझ्या आईचं उलटं झालं. वय ७०, वजन ४१ किलो, क्रिएटिनिन ०.९, ईजीएफआर ६९. सगळे म्हणाले छान आहे. डॉक्टरांनी सिस्टॅटिन सी ही रक्ताची तपासणी करायला लावली, त्यावरून ४८ निघाला. एका औषधाचा डोस कमी करावा लागला. मग ६८-६९ चांगलं की वाईट?

लॅबताई: तेच तर. आईंचे स्नायू कमी, म्हणून क्रिएटिनिन कमी आणि अंदाज फुगलेला. सिस्टॅटिन सी स्नायूंवर फारशी अवलंबून नसते. थायरॉइडचा आजार किंवा स्टिरॉइड असेल तर मात्र तीही फसवते.

पहाटवारा, पावडर दोन-तीन आठवडे बंद ठेवा. तपासणीच्या आधी दोन दिवस जड व्यायाम आणि मांसाहार टाळा. मग क्रिएटिनिन आणि सिस्टॅटिन सी दोन्ही करा, सोबत लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन प्रमाण. ते ३० च्या वर आलं तर पुन्हा तपासून डॉक्टरांना दाखवा, मग ईजीएफआर कितीही असो. गाळणीला इजा झाली असेल तर अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन लघवीत निसटू लागतं, आणि ते स्नायूंमुळे होत नाही.

पहाटवारा: जुना रिपोर्ट सापडला. दोन वर्षांपूर्वी १.२ होतं, तेव्हा पावडर घेत नव्हतो, व्यायाम मात्र होता.

लॅबताई: मग १.२ वरून १.४ झालं ते पावडरीनं की आणखी कशानं, हे आत्ता मी सांगू शकत नाही. पावडर बंद केल्यावरचा आकडा १.२ च्या आसपास येतो का, ते बघू. रिपोर्ट आला की इथेच टाका.