मदत हवी आहे: चौघांच्या जोड्या सहा की तीन?

नमस्कार मंडळी. खानापूरला पीयूसी पहिल्या वर्षाच्या मुलांना मी घरी गणित शिकवते. पर्म्युटेशन-कॉम्बिनेशनमधला साधा फरक त्यांना कळलाय. पाच जणींतून अध्यक्ष आणि चिटणीस निवडायचे तर ५ × ४ = २० प्रकार, कारण पदं बदलली की निवड बदलते. कुंदा आणायला बेळगावला दोघींना धाडायचं तर २० ÷ २ = १०. 'मीना-सुधा' आणि 'सुधा-मीना' ही एकच जोडी.

अडलंय ते कॅरमवर. चौघांच्या दोन जोड्या पाडायच्या. मुलं लगेच 4C2 = 6 लिहितात. वहीत मांडून बघितलं तर तीनच निघतात: अब-कड, अक-बड, अड-बक. 'अब' निवडली की 'कड' आपोआप उरते, आणि 'कड' निवडली तरी वाटणी तीच. म्हणून पुन्हा २ ने भागायचं. पण एका जोडीने फळा पुसायचा, दुसरीने वर्ग झाडायचा म्हटलं की सहाच बरोबर!

हा दुसरा भागाकार कुठे करायचा, तिथेच मुलं परीक्षेत चुकतात. मोठ्या संख्या आल्या की यादी करून बघताही येत नाही. अशा वेळी स्वतःला कोणता प्रश्न विचारायला तुम्ही शिकवता? एखादं गावाकडचं उदाहरण असेल तर जरूर द्या.